मेजी जपान: सुधारणांपासून साम्राज्यापर्यंतचा निबंध कसा बांधावा

प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो, गाभा मात्र एकच असतो: ‘मेजी काळात शासनाने वेगाने घडवून आणलेले आधुनिकीकरण आणि जपानचे साम्राज्यवादाकडे वळणे यांतील संबंधाचे चिकित्सक परीक्षण करा.’ बहुतेक उत्तरे यात एकाच ठिकाणी मोडतात. पहिल्या अर्ध्यात सुधारणांची यादी येते: शाळा, रेल्वे, राज्यघटना. दुसऱ्या अर्ध्यात चीनशी युद्ध, रशियाशी युद्ध, कोरिया. मध्ये ‘त्यामुळे बलाढ्य झालेला जपान साम्राज्यवादी बनला’ असे एक वाक्य. प्रश्न नेमका त्या ‘त्यामुळे’चा आहे आणि उत्तरात तिथेच काही नसते. हा सांधा कसा भरायचा, कोणत्या घटनांनी आणि कोणत्या क्रमाने, ते पुढे दिले आहे.

पहिले काम: ‘वळण’ कधीचे ते ठरवा

लिहायला बसण्याआधी प्रश्नातला ‘वळणे’ हा शब्द तपासा. वळण म्हणायचे तर त्याआधी रस्ता सरळ होता असे गृहीत धरावे लागते. पुष्कळ जण वळणाचे वर्ष १८९४ धरतात, कारण त्या वर्षी चीनशी युद्ध सुरू झाले. मग त्यांना तीन गोष्टींचे स्पष्टीकरण देता येत नाही. १८७४ मध्ये जपानने तैवानवर फौज पाठवली, १८७६ मध्ये कोरियावर असमान करार लादला आणि १८७९ मध्ये र्‍युक्यू बेटांचे राज्य संपवून ओकिनावा प्रांत बनवला. या तिन्ही घटना राज्यघटनेच्या दहा ते पंधरा वर्षे आधीच्या आहेत. मोठे कारखाने तेव्हा उभे राहिलेले नव्हते आणि सैन्यही अजून नवखे होते. म्हणजे ‘आधी आधुनिकीकरण पूर्ण झाले, मग साम्राज्य आले’ हा क्रमच चुकीचा ठरतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी, त्याच माणसांच्या हातून चालल्या होत्या. हे एकदा मान्य केले की निबंधाचा आराखडा बदलतो: दोन भाग करण्याऐवजी प्रत्येक परिच्छेदात दोन्ही बाजू एकत्र ठेवाव्या लागतात.

काळाची चौकटही इथेच आखून घ्या. १८५३ ते १९१० एवढी पुरते. १९१० मध्ये कोरिया विलीन झाला, तिथे थांबा. मांचुरिया १९३१ आणि पर्ल हार्बरपर्यंत उडी मारली की मधल्या वीस-तीस वर्षांतले निर्णय वगळले जातात. १९२० च्या दशकात पक्षांची सरकारे होती आणि वॉशिंग्टन परिषदेत नौदल मर्यादित करण्याला जपानने मान्यता दिली होती. ते गाळून सगळे मेजी काळाच्या माथी मारणे म्हणजे इतिहास सरळ रेषेत ओढणे.

सुरुवात जहाजांनी करू नका, करारांनी करा

पेरीची काळी जहाजे १८५३ मध्ये उरागाजवळ आली, हे वाक्य प्रत्येक उत्तरपत्रिकेत असते. त्याला एका ओळीपेक्षा जास्त जागा देऊ नका. खरे काम पाश्चात्त्य देशांशी झालेल्या १८५८ च्या करारांनी केले. त्यांत दोन अटी निर्णायक होत्या. पहिली, जपानच्या भूमीवर परदेशी माणसाने गुन्हा केला तर खटला जपानी न्यायालयात न चालता त्याच्या देशाच्या वकिलातीत चालणार. दुसरी, आयात-निर्यातीवरचे जकातीचे दर जपानला एकट्याने बदलता येणार नाहीत. १८६६ च्या तडजोडीने ते साधारण ५ टक्क्यांवर बांधले गेले.

या अटींतून सुधारणांचा कार्यक्रम कसा निघतो ते दाखवा. ‘तुमचे कायदे सुधारलेले नाहीत, आमचे लोक तुमच्या न्यायाधीशांच्या हाती कसे देणार’ हा पाश्चात्त्य देशांचा युक्तिवाद होता. त्याला उत्तर म्हणून दंडसंहिता, नागरी कायदा, न्यायालये आणि पुढे राज्यघटना आली. परदेशी लोकांवरचा न्यायाधिकार १८९९ मध्ये परत मिळाला, जकातीचे पूर्ण स्वातंत्र्य १९११ मध्ये. म्हणजे मेजी काळाचा जवळपास सगळा पट करार उलटवण्याच्या धडपडीने व्यापलेला आहे.

आता त्याच परिच्छेदात दुसरी बाजू ठेवा. सप्टेंबर १८७५ मध्ये जपानची उन्यो ही युद्धनौका कोरियाच्या कांगह्वा बेटाजवळ गेली, तिथल्या तोफांनी गोळे टाकले, जपानने प्रत्युत्तर दिले आणि फेब्रुवारी १८७६ मध्ये कोरियाकडून करार करून घेतला. अटी काय होत्या? बुसानसह तीन बंदरे खुली, आणि कोरियात गुन्हा करणाऱ्या जपानी माणसाचा खटला जपानी अधिकाऱ्यापुढे. स्वतःवर लादलेली अट अठरा वर्षांनी शेजाऱ्यावर लादली गेली, तीही स्वतःची त्यातून सुटका होण्याच्या तेवीस वर्षे आधी. परीक्षकाला पटवण्यासाठी या एका तुलनेइतके प्रभावी दुसरे काही माझ्या पाहण्यात नाही. ‘जपानने पाश्चात्त्यांकडून साम्राज्यवाद शिकला’ असे ढोबळ विधान करण्यापेक्षा नेमके कोणते कलम शिकला ते लिहा.

पैसा कुठून आला

‘शासनाने घडवलेले’ हे शब्द सिद्ध करायचे तर तिजोरीकडे वळावे लागते. इथे जरा सावकाश चला, कारण बहुतेकांना हा भाग कच्चा असतो.

१८६८ मध्ये नव्या सरकारकडे सम्राटाचे नाव होते, देशाचा महसूल नव्हता. तो अडीचशेहून अधिक दाइम्योंच्या, म्हणजे सरंजामदारांच्या, जहागिरींत विभागलेला होता. १८७१ मध्ये या जहागिरी रद्द करून प्रांत केले गेले आणि महसूल केंद्राकडे आला. १८७३ च्या जमीन महसूल कायद्याने पद्धतच पालटली. पूर्वी सारा गावाकडून, भाताच्या रूपात, पिकाच्या हिश्शाने घेत. आता तो जमिनीच्या ठरवलेल्या किमतीच्या ३ टक्के, रोखीत, जमीनमालकाकडून आणि पीक येवो न येवो घेतला जाऊ लागला. शेतकऱ्यांच्या उठावांनंतर १८७७ मध्ये दर २.५ टक्के झाला. १८७० च्या दशकात सरकारच्या कर-उत्पन्नाचा चार-पंचमांशाच्या आसपासचा भाग या एकाच साऱ्यातून येत होता.

खर्चाच्या बाजूला सर्वांत मोठे ओझे सामुराईंच्या तनख्यांचे होते. ते १८७६ मध्ये सक्तीने सरकारी रोख्यांत बदलले गेले आणि त्याच वर्षी तलवार बाळगायला बंदी आली. १८७३ च्या सक्तीच्या लष्करभरतीने लढण्याचा त्यांचा वंशपरंपरागत हक्क आधीच काढून घेतला होता. १८७७ मध्ये साइगो ताकामोरीच्या नेतृत्वाखाली सात्सुमाच्या सामुराईंनी बंड केले. ते मोडायला गेलेल्या फौजेत शेतकऱ्यांची भरती केलेली मुले होती.

रोखीच्या साऱ्याचा परिणाम उदाहरणाने मांडला तर लगेच कळतो. समजा एका शेतकऱ्याच्या जमिनीची ठरलेली किंमत १०० येन आहे. २.५ टक्क्यांनी सारा अडीच येन. भाताचा भाव कोकूला (सुमारे १८० लिटर) १० येन असेल तर पाव कोकू विकून सारा भागतो. भाव ५ येनवर आला तर अर्धा कोकू विकावा लागतो. कायद्यातला दर तोच राहिला, ओझे मात्र दुप्पट झाले. १८८१ पासून अर्थमंत्री मात्सुकाता यांनी कागदी चलन आवळले तेव्हा भाताचे भाव जवळपास असेच निम्म्यावर घसरले. कर्जात बुडून पुष्कळ लहान मालक कुळे झाले आणि १८८४ मध्ये चिचिबूत उठाव झाला. सैन्याला लागणारा पैसा या मुळातून येत होता हे लिहिले की ‘समृद्ध राष्ट्र, बलशाली सैन्य’ या घोषणेला अर्थ येतो. नुसती घोषणा उद्धृत करून भागत नाही.

इथेच एक मर्यादाही नोंदवा, नाहीतर ‘सगळे शासनाने केले’ अशी अतिशयोक्ती होते. सरकारने उभारलेले कारखाने बहुतेक तोट्यात होते. सरकारने पुरस्कार केलेल्या सूतगिरण्या प्रत्येकी २,००० चात्यांच्या होत्या. पाण्यावर चालणाऱ्या आणि आकाराने इतक्या लहान असल्यामुळे त्या टिकल्या नाहीत. १८८३ मध्ये चालू झालेली ओसाका सूतगिरणी खाजगी होती, वाफेवर चालत होती आणि तिच्यात १०,५०० चात्या होत्या. ती नफ्यात आली. १८८० च्या दशकात सरकारने खाणी आणि गोद्या विकायला काढल्या: नागासाकीची जहाजगोदी मित्सुबिशीकडे, मिइके कोळसाखाण मित्सुईकडे गेली. म्हणून नेमके विधान असे होईल: शासनाने पाया घातला आणि शस्त्रास्त्रांचे कारखाने स्वतःकडे ठेवले, कापडासारखे उद्योग मात्र खाजगी भांडवलाने वाढवले.

या कापसाच्या कथेचा एक धागा मुंबईत येतो. मुंबईच्या गिरण्यांचे सूत जपानात आणि चीनमध्ये खपत असे. जपानी गिरण्यांना उलट हिंदुस्थानचा कच्चा कापूस स्वस्तात हवा होता. १८९३ मध्ये निप्पॉन यूसेन कंपनीने जमशेटजी टाटांच्या सहकार्याने मुंबई ते जपान जहाजसेवा सुरू केली आणि पी अँड ओ कंपनीच्या चढ्या भाड्याला शह दिला. १८९६ मध्ये जपानने कच्च्या कापसावरची आयात जकात उठवली, १८९७ मध्ये जपानची सुताची निर्यात आयातीपेक्षा जास्त झाली. चीनच्या बाजारात मुंबईच्या सुताला प्रतिस्पर्धी उभा राहिला तो असा. निबंधात याला दोन वाक्ये पुरेत. पण परदेशी बाजार हा जपानी गिरण्यांचा प्रश्न कधीपासून झाला, हे त्यांतून तारखेनिशी दाखवता येते.

बिजागरी: १८७३ चा कोरिया वाद

सगळ्या निबंधाचा भार जिथे तोलला जातो ती घटना ही. इवाकुरा शिष्टमंडळ १८७१ पासून अमेरिका-युरोपच्या दौऱ्यावर असताना मागे राहिलेल्या नेत्यांनी कोरियावर चढाई करण्याचा बेत केला. कोरियाने नव्या सरकारची पत्रे स्वीकारायला नकार दिला होता. साइगो स्वतः दूत म्हणून जायला तयार होता. तिथे आपला खून झाला तर युद्धाला कारण मिळेल, असा त्याचा हिशेब होता. परत आलेल्या ओकुबो तोशिमिची आणि इवाकुरा यांनी ऑक्टोबर १८७३ मध्ये हा बेत हाणून पाडला. साइगो व त्याचे सहकारी सरकारमधून बाहेर पडले.

पाठ्यपुस्तके याला ‘शांततावादी विरुद्ध युद्धखोर’ असे रंगवतात. ते मान्य करू नका. ओकुबोची कारणे वाचली तर कोरियावर चढाई अन्यायाची आहे असा आक्षेप त्यांत नाही. तिजोरी रिकामी आहे, देशात असंतोष आहे, युद्ध झाले तर फायदा रशिया उपटेल, ब्रिटनचे कर्ज आहे आणि करारांची दुरुस्ती आधी हवी, असे त्याचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी, मे १८७४ मध्ये, त्याच ओकुबोच्या सरकारने तैवानवर सुमारे ३,६०० सैनिक पाठवले. निमित्त होते १८७१ मध्ये तिथे मारल्या गेलेल्या ५४ र्‍युक्यूवासी खलाशांचे. चीनकडून ५ लाख ताएल, म्हणजे चांदीच्या चिनी मापात, भरपाई घेऊन फौज परत आली. बेकार झालेल्या सामुराईंचा राग बाहेर वळवणे हाही हेतू त्यात होता.

परिच्छेद लिहिताना फरक कसा पडतो ते पाहा. कच्चा नमुना: ‘१८७३ मध्ये जपानमध्ये कोरियावर आक्रमण करण्याविषयी वाद झाला. शेवटी शांततावादी गट जिंकला व जपानने अंतर्गत सुधारणांवर भर दिला.’ सुधारलेला नमुना: ‘१८७३ च्या वादात विस्तार करावा की नाही हा प्रश्न नव्हता, केव्हा करावा हा होता. ओकुबोने तिजोरी, अंतर्गत असंतोष आणि रशियाची भीती ही कारणे पुढे केली. चढाईच्या तत्त्वाला त्याचा विरोध नव्हता. १८७४ ची तैवान मोहीम आणि १८७६ चा कांगह्वा करार त्याच सरकारने केला. म्हणून आधुनिकीकरण हा विस्ताराला पर्याय म्हणून निवडला गेला असे म्हणता येत नाही. तो विस्ताराच्या आधीचा टप्पा म्हणून निवडला गेला.’ दुसऱ्यात घटना तेवढ्याच आहेत, पण प्रत्येक घटना युक्तिवादाचे ओझे उचलते.

ब्रेक नसलेली यंत्रणा

राज्यघटनेवर लिहिताना ‘१८८९ मध्ये प्रशियाच्या धर्तीवर राज्यघटना आली’ इथे थांबण्यात अर्थ नाही. प्रश्न साम्राज्याचा आहे, तर युद्धाचा निर्णय कोणाच्या हाती राहिला ते सांगा. १८७८ मध्येच सेनाप्रमुखांचे कार्यालय मंत्रिमंडळापासून स्वतंत्र केले होते. घटनेने सैन्याचे सर्वोच्च नेतृत्व थेट सम्राटाकडे दिले, म्हणजे व्यवहारात पंतप्रधान सेनापतींना आदेश देऊ शकत नव्हता. १९०० च्या नियमाने लष्कर व नौदलाचे मंत्री सेवेतले अधिकारीच असावेत असे ठरले. त्यामुळे एखादा मंत्री काढून घेऊन आणि बदली माणूस न देऊन सैन्य सरकार अडवू शकत होते.

संसदेकडे अर्थसंकल्प होता. पण १५ येन थेट कर भरणाऱ्या पुरुषांनाच मत होते, म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे १ टक्क्याला. तरीही १८९० पासून संसदेने सरकारच्या खर्चाला सतत कात्री लावली. ऑक्टोबर १८९४ मध्ये, युद्ध सुरू असताना, हिरोशिमात भरलेल्या अधिवेशनात त्याच संसदेने १५ कोटी येनचा युद्धखर्च एकमताने मंजूर केला. याचा अर्थ केवळ संसद शांत करण्यासाठी युद्ध केले असा लावू नका, त्याला आधार अपुरा आहे. युद्धाने सरकार आणि संसद यांच्यातली कोंडी सुटली, एवढेच म्हणा.

पंतप्रधान यामागाता यांनी १८९० मध्ये पहिल्याच संसदेपुढे ‘सार्वभौमत्वाची रेषा’ आणि तिच्या बाहेरची ‘हितसंबंधांची रेषा’ असा भेद मांडला होता. दुसऱ्या रेषेचा केंद्रबिंदू कोरिया. हा तर्क कुठेच थांबत नाही हे लक्षात आणून द्या: कोरिया ताब्यात आला की त्याच्या रक्षणासाठी मांचुरिया लागतो.

दोन युद्धे, दोन हिशेब

लढायांची वर्णने पूर्ण गाळा. हिशेब लिहा. १८९५ च्या शिमोनोसेकी तहाने जपानला तैवान मिळाले आणि २० कोटी ताएल भरपाई ठरली. लिआओदोंग द्वीपकल्पही मिळाला होता, पण रशिया, जर्मनी आणि फ्रान्सने सहा दिवसांत दबाव आणून तो सोडायला लावला. त्याच्या बदल्यात आणखी ३ कोटी ताएल मिळाले. ही रक्कम मिळून सुमारे ३६ कोटी येन होते, जपानच्या युद्धपूर्व वार्षिक अर्थसंकल्पाच्या चौपटीहून जास्त. तिच्या आधारावर १८९७ मध्ये सुवर्णमान स्वीकारता आला, पण पैशाचा मोठा भाग लष्कर आणि नौदलाकडेच गेला. ‘भरपाईतून यावाता पोलादकारखाना उभा राहिला’ हे वाक्य सरसकट लिहिले जाते. प्रत्यक्षात भरपाईतून त्याला गेलेला वाटा फार लहान होता. त्यापेक्षा, १९०१ मध्ये चालू झालेल्या त्या कारखान्याचे लोहखनिज चीनमधल्या दाये खाणींतून येत होते, हे लिहा. साम्राज्य आणि उद्योग इथे खऱ्या अर्थाने एकमेकांत अडकतात.

१९०५ चा हिशेब उलटा निघाला. रशियाविरुद्धच्या युद्धाचा मोठा भाग ताकाहाशी कोरेकियो यांनी लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये उभारलेल्या कर्जांतून भागला होता. पोर्ट्समथच्या तहात भरपाई मिळाली नाही. त्याच दिवशी, ५ सप्टेंबरला, टोकियोत हिबिया उद्यानातून दंगल पेटली. दोन गोष्टी यातून निघतात. पहिली, विस्ताराला आता खालून पाठिंबा होता आणि तो सरकारलाच अपुरे ठरवत होता. दुसरी, ‘अतिरिक्त भांडवलाला बाहेर वाट हवी म्हणून साम्राज्य’ हा प्रसिद्ध सिद्धांत मेजी जपानला बसत नाही, कारण जपान भांडवल बाहेर पाठवत नव्हता, कर्जाऊ आणत होता. बाजारपेठ आणि कच्चा माल हे मुद्दे मात्र टिकतात. सिद्धांत जिथे बसत नाही ते स्पष्ट लिहिणाऱ्या उत्तराला गुण मिळतात.

विरुद्ध बाजू खरी मांडा

‘साम्राज्य अटळ होते’ असे निष्कर्षात लिहायचा मोह होतो. त्याला रोखणारे सर्वांत चांगले उदाहरण १८८४-८५ चे आहे. सोलमध्ये जपानच्या पाठिंब्याने झालेला सुधारणावाद्यांचा उठाव चिनी फौजेने मोडला. जपानने युद्ध केले नाही. एप्रिल १८८५ च्या तिएन्जिन करारात दोन्ही देशांनी कोरियातून फौजा मागे घेतल्या. पुढची नऊ वर्षे हा समतोल टिकला. १८९४ मध्ये कोरियातल्या शेतकऱ्यांच्या दोंगहाक उठावाने तो मोडायला निमित्त दिले, १८९१ पासून बांधल्या जाणाऱ्या सैबेरियन रेल्वेने घाईचे कारण दिले. १८९५ च्या तीन सत्तांच्या दबावाने उरलीसुरली शंका संपवली. या घटना वेगळ्या घडल्या असत्या तर वेळापत्रक वेगळे झाले असते.

म्हणून प्रबंधवाक्य असे बांधता येते: ‘मेजी आधुनिकीकरणाने साम्राज्य अटळ केले नाही, पण त्याचा हेतू, त्याचा महसूल आणि त्याची घटनात्मक रचना एकाच दिशेला झुकलेली होती, आणि १८९४ नंतर प्रत्येक विजयाने माघार अधिक महाग केली.’ हे वाक्य प्रस्तावनेतच लिहा. शेवटी राखून ठेवले तर परीक्षकाला तोपर्यंत नुसत्या घटना वाचाव्या लागतात.

वेळ कमी असेल तेव्हा

२५० गुणांच्या तीन तासांच्या पेपरात २० गुणांच्या प्रश्नाला जेमतेम १४ मिनिटे येतात. त्यातली पहिली दोन आराखड्याला द्या: कोपऱ्यात १८५८, १८७३, १८७६, १८८९, १८९५, १९०५, १९१० ही सात वर्षे लिहा आणि प्रत्येकासमोर एक शब्द. एवढ्या जागेत करार, सारा, कोरिया वाद आणि सैन्याची स्वायत्तता हे चारच मुद्दे येतात. युद्धांचा हिशेब दोन ओळींत संपवा. मुंबईच्या सुताचा मुद्दा, यावाता आणि १८८४-८५ यांपैकी एकच ठेवायचा झाला तर १८८४-८५ ठेवा, कारण ‘चिकित्सक परीक्षण’ या शब्दांची पूर्तता तिथेच होते. रेल्वे, गॅसचे दिवे आणि पाश्चात्त्य पोशाख यांना या उत्तरात जागा नाही. लिहून झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटच्या वाक्यावर बोट ठेवा. त्यात सुधारणा आणि विस्तार या दोन्हींचा उल्लेख नसेल, तर तो परिच्छेद अजून यादीच आहे.